गड चढताना नव्हे, उतरताना : दोन दिवसांनी आंबलेल्या पायांचे एक प्रकरण

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका माझ्या भौतिकोपचार केंद्रात आल्या. जिन्याच्या चार पायऱ्या त्या कठड्याला धरून सहज चढल्या, आणि तासाभराने परत जाताना त्याच चार पायऱ्या मात्र आडव्या होऊन, एकेक पाय खाली टेकवत उतरल्या. या प्रकरणाचे निम्मे निदान त्या चढण्या-उतरण्यातल्या फरकातच होते, म्हणून तो आधी सांगितला. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत.

आदल्या रविवारी त्या शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर आणि पतीबरोबर अतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर गेल्या होत्या. गड चढण्याची त्यांची ही पंधरा-सोळा वर्षांतली पहिलीच वेळ होती. चढायला पावणेदोन तास लागले, वर पिठलं-भाकरी आणि दही झाले, आणि उतरून पायथ्याशी पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले. चढताना धाप लागली, वाटेत तीन-चार वेळा थांबावे लागले; उतरणे मात्र त्यांच्या मते 'काहीच नव्हतं', कारण श्वास शांत होता आणि गप्पा चालू होत्या. शेवटच्या टप्प्यात गुडघे लटपटत होते आणि दोनदा पाऊल अंदाजापेक्षा जोरात आदळले, हे त्यांना मी मुद्दाम विचारल्यावर आठवले. दुखत मात्र काहीच नव्हते.

सोमवारी सकाळी मांड्या थोड्या आखडलेल्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत जिना उतरणे त्रासाचे झाले. मंगळवारी सकाळी खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागला, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरायला त्यांना नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. मधल्या काळात घरी गरम पाण्याचा शेक, तेल आणि लिंबू-सरबत हे सगळे झाले होते. एका सहकाऱ्याने पायात लॅक्टिक ॲसिड साठले आहे, ते रविवारीच हळू पळून 'काढून टाकायला' हवे होते, असेही सांगून ठेवले होते.

त्यांचे तीन प्रश्न होते. काही फाटले तर नाही ना? लागायचे तर रविवारीच लागायला हवे होते, मग दुखणे सोमवार-मंगळवारी का आले? आणि त्या तीन वर्षे रोज संध्याकाळी पाच किलोमीटर चालतात, त्यांचे पती एक पाऊलही चालत नाहीत, फक्त महिन्यातून एकदा कुठला तरी गड करतात. तरीही पतीला काहीच कसे झाले नाही? तिसऱ्या प्रश्नात थोडा रागही होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला प्रश्न होता.

तपासणी

स्वस्थ बसल्यावर वेदना जवळजवळ शून्य होती. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पायऱ्या चढताना त्यांनी तीन सांगितली आणि उतरताना सात. मांडीच्या पुढच्या बाजूला, विशेषतः गुडघ्याच्या वर चार-पाच बोटांवर, दोन्हीकडे सारखेच दाबून दुखत होते. पोटऱ्यांत त्याहून कमी. पालथे झोपवून गुडघा वाकवला की मांडी ताणली जाऊन दुखे. सूज डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती, त्वचेवर काळेनिळे डाग नव्हते, गुडघ्याच्या सांध्यात पाणी नव्हते. हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते हे पाहिले, तर आकडा आठ आला. हा आकडा पुढे लागणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या तपासणीतून मिळते. स्नायू खरोखर फाटतो तेव्हा दुखणे त्याच क्षणी येते, माणसाला तो क्षण आठवतो, जागा एका बोटाने दाखवता येते आणि बहुधा ती एकाच पायात असते. येथे दोन्ही पाय सारखेच धरले होते, दुखणे पसरट होते आणि त्याला सुरुवातीचा क्षणच नव्हता. एकाच पोटरीत दुखणे असते आणि ती सुजून गरम झाली असती, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन मी त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवले असते. आणखी एक प्रश्न मी अशा प्रत्येक व्यक्तीला विचारते, त्यांनाही विचारला : लघवीचा रंग कसा आहे? स्नायूतंतू मोठ्या प्रमाणात फुटले, तर त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते आणि मूत्रपिंडांवर संकट येऊ शकते. हे विरळ असते, पण त्या रंगाबरोबर स्नायू सुजून टणक झाले किंवा वेदना स्वस्थ पडूनही असह्य असली, तर तेल-शेकात किंवा वेदनाशामक गोळ्यांत वेळ न घालवता रुग्णालयच गाठावे लागते. या बाईंच्या बाबतीत रंग नेहमीचा होता.

निदान साधे होते : सवय नसलेल्या श्रमानंतर उशिराने येणारे स्नायुदुखणे. मराठीत याला पाय आंबणे, अंग आंबणे, मांड्या भरून येणे असे म्हणतात. 'आंबणे' हा शब्द इतका नेमका आहे, की त्यानेच थोडी दिशाभूल होते. आंबले म्हणजे आम्ल झाले, आणि आम्ल म्हणजे लॅक्टिक ॲसिड, अशी साखळी मनात आपोआप जुळते. म्हणून ते आधी बाजूला करणे गरजेचे आहे.

आम्लाचा संबंध का नाही

जोराच्या श्रमात स्नायूंमध्ये लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरात आढळणारे रूप, तयार होते हे खरे आहे, पण श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची रक्तातली पातळी पूर्ववत होते. रविवारी दुपारी जेवायला बसेपर्यंत बाईंच्या शरीरात जास्तीचे लॅक्टेट उरलेलेच नव्हते. मग मंगळवारी दुखणार कशाने? याहून थेट पुरावा १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात मिळाला. काही जणांना ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर आणि काही जणांना उताराच्या पट्ट्यावर पाऊण तास पळवले. सपाटीवर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण त्यांचे पाय नंतर विशेष दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही आणि पाय मात्र त्यांचेच दुखले.

आमच्या प्रकरणातही तेच दिसते. धाप लागली चढताना. लॅक्टेट जे काही वाढले असेल ते चढतानाच. दुखणे आले ते उतरताना राबलेल्या स्नायूंत.

उतरताना स्नायू काय करतो

पायरी चढताना मांडीच्या पुढचा स्नायू आखडतो, गुडघा सरळ होतो आणि शरीर वर उचलले जाते. उतरताना वरच्या पायरीवरचा पाय हळूहळू वाकतो आणि शरीराचे वजन खाली सोडतो. या वेळी तोच स्नायू ओढ धरून असतो, पण आखडत नाही. भाराखाली लांबत जातो. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून सरकू द्यायचा, पण सुटू द्यायचा नाही, तसे हे काम असते. स्नायू येथे इंजिन राहत नाही, ब्रेक होतो.

ब्रेकचे हे काम फसवे आहे, कारण ते स्वस्त पडते. १९५२ साली ब्रिटनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणारे पॅडल नुसते रोखायचे. दोघांच्या पायांवर बल सारखेच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लांबत असताना स्नायू थोड्या तंतूंवर मोठा भार पेलू शकतो, म्हणून दम लागत नाही. आणि भार थोड्याच तंतूंवर वाटला जातो, म्हणून प्रत्येक तंतूवरचा ताण वाढतो. बाईंना उतरणे 'काहीच नव्हतं' असे वाटले ते बरोबरच होते, फक्त ते हृदयाने आणि फुप्फुसांनी दिलेले उत्तर होते, मांडीला कोणी विचारले नव्हते.

या कामाचे माप काढून पाहू. अतकरवाडीपासून गडापर्यंतचा उंचीतला फरक सहाशे मीटरच्या आसपास आहे. एका पावलाला सरासरी अठरा सेंटिमीटर उतार धरला, तर सुमारे तेहेतीसशे पावले होतात, म्हणजे प्रत्येक मांडीने साडेसोळाशे वेळा शरीराचे वजन रोखले. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. तीन मजल्यांची उंची नऊ मीटर धरली आणि त्या दिवसातून दोनदा उतरतात असे मानले, तर रोजचे उतरणे अठरा मीटर. रविवारी त्यांनी महिन्याभराचे उतरणे सकाळच्या एका फेरीत संपवले, तेही चढून आधीच दमलेल्या पायांनी आणि घरच्या जिन्याहून उंच, वेड्यावाकड्या दगडांवरून, जिथे गुडघा अधिक वाकतो आणि स्नायू अधिक लांब ताणला जातो. रोजचे पाच किलोमीटर सपाट चालणे हृदयाला उपयोगी पडले, म्हणून त्या गडावर पोहोचल्या. पण सपाटीवर गुडघा फार वाकत नाही, त्यामुळे ब्रेकच्या कामाची सवय त्या चालण्याने झाली नव्हती.

दोन दिवस कशात जातात

स्नायूतंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म खण एकापुढे एक ओळीने असतात. भाराखाली तंतू लांबताना सगळे खण सारखे लांबत नाहीत. जे दुबळे असतात ते आधी आणि जास्त ताणले जातात, आणि त्यांतले काही पुन्हा नीट मिटत नाहीत. स्वीडनमध्ये १९८१ साली जिने उतरवलेल्या माणसांच्या पोटरीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा या खणांमधल्या सरळ भिंती जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या. १९८३ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात माणसांना एका पायाने चढायला आणि दुसऱ्याच पायाने उतरायला लावले. दुखला तो उतरणारा पाय. विस्कटही त्यातच होती, आणि ती व्यायामानंतर लगेच दिसली त्याहून एक-दोन दिवसांनी जास्त पसरलेली होती.

म्हणजे गडावर जे झाले ती केवळ सुरुवात होती. ताणलेल्या तंतूंच्या आवरणातून कॅल्शियम आत शिरते, त्याने जागी होणारी विकरे बिघडलेला भाग सोडवू लागतात, काही तासांत पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत सफाई करणाऱ्या मोठ्या पेशी येतात. ही डागडुजी आहे, आणि तिला तिचा वेळ लागतो. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच, दमल्यामुळे लगेच येणारे दुखणे आणि काही तासांनी सुरू होऊन पुढे वाढणारे दुखणे ही दोन वेगळी आहेत, असे मांडून दुसऱ्याचे कारण स्नायूतली तुटफूट असावे असे म्हटले होते. दिशा त्यांना बरोबर सापडली होती.

पण तुटफूट झाली म्हणून दुखते, एवढ्याने गोष्ट पुरी होत नाही, आणि मला वाटते सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. तुटफूट पहिल्या तासातच असते, तेव्हा दुखत नाही. दुखण्यासाठी स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंची टोके हळवी व्हावी लागतात. जपानमध्ये नागोया येथील संशोधकांनी २०१० साली उंदरांवर हे उलगडून दाखवले. श्रमाच्या वेळी ब्रॅडिकायनिन हे द्रव्य काम करते. त्याचा परिणाम श्रमाआधीच रोखला तर पुढचे हळवेपण येत नाही, पण श्रम झाल्यावर रोखून काही उपयोग होत नाही. त्याने सुरू केलेल्या साखळीत स्नायूंमध्ये मज्जातंतूंना पोसणारे एक प्रथिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, अधिक बनू लागते आणि त्याची वाढ साधारण बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत टिकते. दोन दिवसांनी हे प्रथिन निकामी केले की हळवेपण उतरते. पेशीला नवे प्रथिन बनवायला तास लागतात, मिनिटे नव्हे. रविवारी सकाळी दिलेला निरोप सोमवारी संध्याकाळी पोहोचला, तो या वाटेने.

हेच कारण आहे की बाईंना स्वस्थ बसून दुखत नव्हते. हळवी झालेली टोके आपणहून फारसे बोलत नाहीत. दाबले, ताणले किंवा स्नायू ओढून धरला, की एरवी ज्याची दखलही घेतली नसती त्या गोष्टीला वेदना म्हणून कळवतात. स्नायूभोवतीचे पातळ आवरण स्नायूच्या गाभ्याहून अधिक हळवे होते, असेही २००९ मधल्या एका प्रयोगात आढळले. शिवाय त्याच नागोयाच्या गटाने पुढे असे दाखवले, की तंतूंमध्ये ठळक इजा दिसत नसतानाही हे हळवेपण येऊ शकते. तेव्हा वेदनेचा आकडा हे नुकसानाचे मोजमाप मानता येत नाही. जिममध्ये 'दुसऱ्या दिवशी दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागला नाही' हे जे बोलले जाते, त्याला याच कारणाने आधार नाही, आणि खूप दुखले म्हणजे खूप बिघडले ही भीतीही तितकीच निराधार आहे.

बिघाडाची खूण पाहायचीच असेल, तर ती ताकदीत पाहावी. ताकद घटते ती लगेच, वेदना यायच्या कितीतरी आधी. बाईंचे गुडघे पायथ्याजवळ लटपटत होते आणि पाऊल अंदाजापेक्षा जोरात आदळत होते, त्यातला काही भाग साधा थकवा होता हे खरे. पण अशा श्रमानंतर स्नायू बल कमी देतोच, शिवाय सांधा किती वाकला आहे याचा अंदाजही चुकू लागतो. उतरताना पाय मुरगळण्याचा धोका शेवटच्या टप्प्यात असतो तो यामुळे, आणि त्या वेळी सावध करायला वेदना हजर नसते.

पुढचा आठवडा

उपचार म्हणून मी फार थोडे केले. सपाटीवर रोजचे चालणे निम्म्याने चालू ठेवायला सांगितले, कारण हलक्या हालचालीने काही वेळ आराम मिळतो. तो टिकत नाही, पण दिवस निभावतो. तेलाचा हलका हात चालेल, मात्र दुखऱ्या मांडीवर जोर लावून रगडायचे नाही, असे सांगितले. त्यांना मांड्या ताणण्याचे व्यायाम हवे होते, ते मी दिले नाहीत. २०११ साली अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या आढाव्यात, व्यायामाआधी किंवा नंतर ताण देण्याने हे दुखणे शंभरच्या मोजपट्टीवर जेमतेम काही गुणांनी कमी होते असे दिसले. रुग्णाला जाणवावा असा तो फरक नव्हे.

बुधवारी उतरतानाची वेदना पाचवर आली आणि शुक्रवारी एकवर. शुक्रवारी संध्याकाळी खुर्चीची चाचणी पुन्हा केली, तर आकडा बारा होता. बाईंच्या मते पाय 'पूर्ण बरे' झाले होते आणि रविवारी पुन्हा गडावर जायचे ठरत होते. मी एक आठवडा थांबवले, कारण दुखणे ओसरले तरी ताकद परतलेली नव्हती. पुढच्या बुधवारी आकडा पंधरा आला आणि पुढच्या दोन तपासण्यांत तेथेच राहिला, म्हणून तो त्यांचा नेहमीचा मानला. वेदना गेली आणि ताकद परतली या दोन तारखांत पाच दिवसांचे अंतर होते.

राहिला पतींचा प्रश्न. सवय नसलेल्या ब्रेकच्या कामाची एक फेरी झाली, की त्याच स्नायूला तेच काम पुढच्या वेळी खूप कमी बाधते, आणि हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते. गंमत अशी की त्यासाठी पहिली फेरी जबर असावी लागत नाही. थोडक्या श्रमानेही बरेच संरक्षण मिळते. मज्जासंस्था भार अधिक तंतूंवर वाटू लागते, तंतूंमध्ये खणांची भर पडते, आवरण मजबूत होते, दाहाचा प्रतिसाद बदलतो, अशी कारणे मांडली जातात आणि बहुधा ती एकत्रच काम करतात. महिन्यातून एक गड उतरणारे पती दर महिन्याला या संरक्षणाचे नूतनीकरण करत होते. बाईंच्या तीन वर्षांच्या चालण्याने हृदय घडले होते. हे संरक्षण मात्र उतरण्यानेच मिळते.

म्हणून त्यांना औषध म्हणून त्यांच्याच इमारतीचा जिना दिला. आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या उतरण्याखेरीज पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरून तीनदा सावकाश उतरायचे, प्रत्येक पायरीवर दोन अंक मोजत. पुढे पाच, सात आणि दहा फेऱ्या. पहिल्या दिवसानंतर मांड्या किंचित जड वाटल्या, पुढे तेवढेही नाही. साडेपाच आठवड्यांनी त्या त्याच वाटेने पुन्हा सिंहगड उतरल्या. मंगळवारी त्यांनी फोनवर सांगितलेला आकडा, जिना उतरताना, दोन होता.

दिवाळीआधी त्यांचा पुन्हा फोन आला. माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी आणि धान्याचे डबे एकेक करून खाली उतरवले होते, आणि दोन दिवसांनी कोपर सरळ करताना दंड दुखत होते. गडाची सवय दंडांना लागत नाही. लघवीचा रंग नेहमीचा आहे, हे मी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकले.